स्लॅबच्या घराच्या फोटोवर दुपाखी पत्रा चढवताना: उतार, पन्हळ आणि सावलीचा हिशेब

प्रश्न: एकमजली स्लॅबच्या घराचा कोपऱ्यावरून काढलेला फोटो आहे. डावीकडची बाजूची भिंत ६ मीटर, उजवीकडची पुढची भिंत ९ मीटर, उंची ३ मीटर. वर १५ सेंटीमीटरचा स्लॅब आणि मीटरभर कठडा. फोटो उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून काढलाय. पुढच्या भिंतीच्या रेषेपासून अंतर साधारण ८ मीटर. जवळचा कोपरा फोटोत ७२० पिक्सेल उंच भरतो, डावीकडचा लांबचा ५४०. ऊन समोरून, थोडं डावीकडून आहे. मला स्लॅब काढून दुपाखी पत्र्याचं छत दाखवायचंय, पण फोटोशॉपमध्ये कितीही ओढाताण केली तरी छत घरावर ठेवलेल्या झाकणासारखं दिसतं. सावल्या आणि पन्हळी तर जुळतच नाहीत. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

झाकणासारखं दिसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पत्र्याचा फोटो उंचावरून काढलेला असतो आणि घराचा फोटो जमिनीवरून. त्यामुळे सावल्यांकडे वळण्याआधी एक छोटा हिशेब करा: तुमच्या जागेवरून पाख्याची वरची बाजू दिसते तरी का, आणि दिसत असेल तर किती?

उतार तीनास एक धरू, म्हणजे ३ मीटर आत गेल्यावर १ मीटर चढ. कोनात सांगायचं तर साडेअठरा अंशांच्या आसपास. पत्र्याला हा उतार शोभतो आणि आकडेमोडही सोपी राहते. आता पुढचं पाखं मनातल्या मनात तसंच खाली, तुमच्या दिशेने वाढवत आणा. भिंतीवर ते ३ मीटर उंचीवर आहे. दर ३ मीटरला १ मीटर उतरत साडेचार मीटरवर ते तुमच्या डोळ्याच्या पातळीला येतं. तुम्ही त्याही मागे, ८ मीटरवर उभे आहात, म्हणून पत्र्याची वरची बाजू दिसेल. फोटो ४ मीटरवरून काढला असता तर वरची बाजू दिसलीच नसती. फक्त पन्हळ आणि वळचणीचा तळ दिसला असता. तशा फोटोवर ऐसपैस लाल पाखं चढवलं की ते कायम खोटंच वाटतं.

तुमच्या फोटोत वरची बाजू दिसते खरी, पण अगदी तिरप्या नजरेने, जेमतेम ५ अंशांतून. त्यामुळे पुढचं पाखं अरुंद पट्ट्यासारखं येईल. सुमारे ३.२ मीटर लांबीच्या उताराला फोटोत उभी जागा मिळते दीडशे-पावणेदोनशे पिक्सेल. हे पाहून 'छत फारच बारीक दिसतंय' म्हणून आढं वर ढकलू नका. बारीक दिसतंय तेच बरोबर आहे.

आढ्याची जागा

काम सुरू करण्याआधी भिंतींच्या उभ्या कडा खरोखर उभ्या आहेत का ते पाहा. मोबाइल वर कलवून फोटो काढला असेल तर त्या वर जाताना एकमेकींकडे झुकतात. `Filter > Lens Correction` मधल्या `Vertical Perspective` ने त्या आधी सरळ करून घ्या. पुढची सगळी मापं उभ्या रेषांवर टिकून आहेत. फोटो सरळ केल्यावर कोपऱ्यांची पिक्सेल-उंची बदलली असेल, तर ती पुन्हा मोजून घ्या.

आढं बाजूच्या भिंतीच्या मधोमध येणार, पण फोटोतला मध्य पट्टीने मोजून मिळत नाही. यथार्थदर्शनात लांबचा अर्धा भाग आखूड दिसतो. त्या भिंतीच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण काढा; ते छेदतात तिथे खरा मध्य. तिथून उभी रेष वर न्या. त्या रेषेवर भिंतीची उंची मोजली तर ती ६१७ पिक्सेलच्या जवळ भरेल. ७२० आणि ५४० ची सरासरी ६३० येते, पण ती इथे लागू नाही. ६१७ पिक्सेल म्हणजे ३ मीटर, म्हणजे या रेषेवर १ मीटरला २०६ पिक्सेल. भिंतीच्या माथ्यापासून २०६ पिक्सेल वर खूण करा. ते झालं आढ्याचं टोक. तिथून आढ्याची रेष, पुढच्या भिंतीच्या वरच्या आणि खालच्या कडा उजवीकडे जिथे मिळतात, त्याच बिंदूकडे जाईल.

पत्र्याच्या नाळ्या, म्हणजे त्याचे उभे उंचवटे, कुठे रोखलेले असावेत हेही इथेच ठरतं. बाजूच्या भिंतीच्या आडव्या रेषा डावीकडे जिथे मिळतात त्या बिंदूतून एक उभी रेष काढा (त्यासाठी कॅनव्हास डावीकडे बराच वाढवावा लागेल). जवळच्या कोपऱ्याचा माथा आणि आढ्याचं टोक जोडणारी तिरकी रेष वाढवत नेली की ती या उभ्या रेषेला वर कुठेतरी छेदते. पुढच्या पाख्यावरची प्रत्येक नाळी त्या बिंदूकडेच गेली पाहिजे. नाळ्या समांतर राहिल्या तर डोळ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण खटकत राहते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मधेच गोंधळ उडेल. कठडा गेल्यावर नवं छत जुन्या बांधकामापेक्षा ठेंगणं होतं. १५ सेंटीमीटर स्लॅब आणि मीटरभर कठडा, म्हणजे जुनं घर सव्वाचार मीटरला थोडंसंच कमी. आढं मात्र ४ मीटरवर. म्हणजे आढंसुद्धा जुन्या कठड्याच्या खाली बसतं, आणि जवळच्या कोपऱ्यावर तर पावणेतीनशे पिक्सेल उंचीचा कठडा उघडा पडतो. तिथे आकाश आणि मागची झाडं नव्याने भरावीच लागतात. छत चिकटवून कठडा 'झाकला' जाईल अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. आधी कठडा, टाकी आणि स्लॅबची कड पुसून मागचं दृश्य पूर्ण करा, बाजूच्या भिंतीचा त्रिकोण त्याच भिंतीच्या गिलाव्याने भरा, मग छताला हात लावा.

पत्रा बसवणं

पत्र्याचा सपाट नमुना वेगळ्या फाइलमध्ये तयार करा. वळचण पुढे अर्धा मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर धरली तर पाखं १० मीटर लांब आणि उताराच्या दिशेने सुमारे ३.७ मीटर होतं. मीटरला २०० पिक्सेल धरले तर २००० बाय ७४० पिक्सेलची फाइल पुरते. नाळ्या २५ सेंटीमीटरवर म्हणजे ४० येतील, आणि दर मीटरला दोन पत्र्यांच्या जोडाची अगदी पुसट रेघ. आडवा जोड दाखवू नका, ३.७ मीटरला एकच पत्रा पुरतो. स्क्रूही सोडून द्या. जवळच्या टोकालासुद्धा त्यांचं डोकं दोन-तीन पिक्सेलच्या पुढे जात नाही.

नमुन्याच्या रंगाबाबत मात्र एक गोष्ट क्वचितच कोणी लक्षात घेतं. ५ अंशांच्या तिरप्या नजरेला ३ सेंटीमीटर उंचीची नाळी तिच्यामागचा सपाट पट्टा जवळपास पूर्ण झाकून टाकते. म्हणजे तुम्हाला पत्र्याचा तळ दिसतच नाही; दिसतात त्या नाळ्यांच्या डाव्या बाजू आणि त्यांचे माथे. ऊनही डावीकडूनच आहे, म्हणून त्या बाजू उजळलेल्या आहेत. नाळ्यांची सावली उजवीकडे पडते आणि ती त्यांच्याच आड लपते. म्हणून दोन नाळ्यांमध्ये काळ्या रेघा ओढू नका. प्रत्येक पट्ट्यात एक रुंद उजळ छटा, माथ्याची एक बारीक आणखी उजळ रेघ, आणि कडेला केसाएवढी गडद रेघ, एवढंच. तयार फोटोतला पत्रा वापरत असाल तर त्यातल्या नाळ्यांची उजळ बाजू कुठली ते बघा आणि गरज पडल्यास तो आडवा उलटवा.

बसवण्यासाठी `Filter > Vanishing Point` सोयीचं. आधी सपाट नमुना कॉपी करून घ्या. मग त्या खिडकीत चार माहीत असलेले बिंदू द्या: पुढच्या भिंतीच्या माथ्याची दोन टोकं आणि आढ्याची दोन टोकं. आढ्याचं उजवं टोक म्हणजे माथ्याच्या उजव्या टोकातून नाळ्यांच्या बिंदूकडे जाणारी रेष आढ्याला छेदते ती जागा. जाळी निळी झाली म्हणजे चौकोन यथार्थदर्शनात बसला. लाल किंवा पिवळी राहिली तर एखादा बिंदू चुकलाय. त्यानंतर जाळीच्या कडांच्या मधल्या खुणा धरून ती पुढे आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर वाढवा. वाढलेला भाग आपोआप बरोबर बसतो, आणि वळचण अंदाजाने ओढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मग नमुना पेस्ट करून जाळीत सरकवा. जिंपमध्ये हे साधन नाही. तिथे नमुन्यातच भिंतीच्या रेषा आखून ठेवा आणि `Perspective` ने चारही टोकं अशी हलवा की त्या रेषा भिंतीच्या माथ्यावर येतील.

तपासणी सोपी आहे. पुढच्या भिंतीचा जवळचा पहिला मीटर फोटोत साधारण १५० पिक्सेल रुंद भरतो आणि शेवटचा ७० च्या आसपास. नाळ्यांमधलं अंतर डावीकडून उजवीकडे याच प्रमाणात घटत शेवटी निम्म्याहून थोडं कमी झालं पाहिजे.

बाजूच्या वळचणीत आणखी एक गंमत आहे. पुढच्या पाख्याची वरची बाजू दिसते म्हणजे त्याचा तळ दिसणार नाही. मागच्या पाख्याचं नेमकं उलट: त्याचा पत्रा तुम्हाला दिसतच नाही, पण बाजूला अर्धा मीटर बाहेर आलेल्या भागाचा तळ दिसतो. म्हणून त्रिकोणी भिंतीच्या उजव्या अर्ध्यावर फक्त कडेची पट्टी काढा, आणि डाव्या अर्ध्यावर त्या पट्टीखाली सावलीतला तळ आणि दोन-तीन आडव्या लोखंडी चॅनेलची टोकं. दोन्ही अर्धे एकमेकांचे आरसे केले की छत पुन्हा कागदी दिसायला लागतं.

पन्हळ

पाणी फक्त पुढच्या आणि मागच्या कडेवरून उतरतं. पन्हळ तिथेच, बाजूच्या तिरक्या कडांना पन्हळ नसते, तिथे दुमडलेली पत्र्याची पट्टी असते. आढ्यावर दोन्हीकडे उतरणारी टोपी असते. तिची पुढची बाजू तेवढी दिसेल.

पन्हळ १५ सेंटीमीटरची धरा. जवळच्या टोकाला ती ३८ पिक्सेलच्या आसपास भरते आणि लांबच्या टोकाला २३. एकसारख्या जाडीची रेष ओढली की ती चिकटपट्टीसारखी दिसते. तुमचा डोळा पन्हळीच्या खाली आहे, त्यामुळे तिची बाहेरची बाजू आणि थोडा तळ दिसेल. आतली पोकळी दिसता कामा नये. पन्हळीची वरची कड पत्र्याच्या टोकाच्या किंचित खाली ठेवा. त्या दोघांच्या मधे पत्र्याच्या टोकाची बारीक नागमोडी कड आणि तिच्याखाली एक अरुंद गडद फट दिसली की पन्हळ छताला 'जोडलेली' वाटते.

पन्हळीला पाइपाकडे थोडा उतार असतो, पण १० मीटरमध्ये तो ३-४ सेंटीमीटरच्या वर क्वचित जातो. फोटोत ५ ते ८ पिक्सेल. तो दाखवायच्या भानगडीत पडू नका. वळचणीची रेष यथार्थदर्शनामुळे आधीच उतरती आहे, त्यात चूकच जास्त दिसेल. पाइप मात्र दाखवा. तो पन्हळीतून सरळ खाली सोडला तर भिंतीपासून अर्धा मीटर पुढे हवेत लोंबकळेल. पन्हळीच्या तळातून एक वळण घेऊन तो भिंतीकडे मागे यायला हवा, आणि दुसऱ्या वळणानंतर भिंतीला लागून खाली. ११ सेंटीमीटरचा पाइप जवळच्या कोपऱ्यावर २६ पिक्सेल रुंद दिसतो.

सावली

सूर्य कुठे आहे हे शोधायला खिडकीवरचा छज्जा पुरतो. तो भिंतीतून किती बाहेर आहे ते मोजा, मग त्याची सावली भिंतीवर किती खाली आणि किती बाजूला सरकली ते मोजा. समजा छज्जा ४५ सेंटीमीटर बाहेर आहे, सावली ६० खाली आणि ३० उजवीकडे गेली आहे. पुढच्या भिंतीवर यापुढे हेच प्रमाण चालेल: बाहेर आलेल्या प्रत्येक मीटरला १.३३ मीटर खाली आणि ०.६७ मीटर उजवीकडे.

वळचण अर्धा मीटर आणि पुढे पन्हळ १५ सेंटीमीटर, म्हणजे बाहेरची कड ६५ सेंटीमीटरवर. तिची सावली ८७ सेंटीमीटर खाली पडते. पन्हळीचा तळ जमिनीपासून पावणेतीन मीटरवर आहे, म्हणजे सावलीची खालची कड १.९ मीटरच्या थोडी खाली. दाराची चौकट २.१० मीटरची असेल तर तिचा माथाही सावलीत जातो. वळचणीखाली वीस पिक्सेलची काळी पट्टी ओढण्याची जी सवय असते ती इथे किती अपुरी आहे पाहा. जवळच्या कोपऱ्यावर पन्हळीखालची सावली दोनशे पिक्सेलहून खोल आहे.

बाजूच्या भिंतीवर ऊन तिरपं पडतं, म्हणून तिथली सावली आणखी लांब होते. तिथे बाहेर येणं उजवीकडच्या सरकण्याच्या हिशेबात मोजायचं: ३० सेंटीमीटरला ६० खाली आणि ४५ मागे. अर्ध्या मीटरच्या वळचणीची सावली १ मीटर खाली आणि पाऊण मीटर मागे, फोटोत डावीकडे, जाते. कड तिरकी असल्यामुळे याचा परिणाम दोन्ही उतारांवर सारखा होत नाही. पुढच्या उताराखाली सावली सव्वा मीटर खोल भरते आणि मागच्या उताराखाली पाऊणच मीटर. सावलीचं टोक आढ्याच्या बरोबर खाली न येता पाऊण मीटर मागे सरकलेलं असतं. छताची त्रिकोणी कड कॉपी करून सरळ खाली सरकवली तर हे हमखास चुकतं. ती सरकवा, पण डावीकडे आणि खाली, यथार्थदर्शनाप्रमाणे थोडी लहान करत.

हे सगळं जुळलं की नाही याची परीक्षा जवळच्या कोपऱ्याच्या उभ्या कडेवर होते. दोन्ही भिंतींवरच्या सावल्या त्या कडेवर एकाच उंचीला भेटल्या पाहिजेत. तुमच्या मापांत ती जागा १.९ मीटरला लागून येते. तिथून बाजूच्या भिंतीवरची सावली पहिल्या दहा सेंटीमीटरमध्ये थोडी खाली उतरते आणि मग छताच्या कडेला समांतर चढायला लागते. कोपऱ्यावर पायरी दिसत असेल तर दोन्हींपैकी एका भिंतीचं प्रमाण चुकलेलं आहे.

आता छज्जा. तो २.१० मीटरवर असेल तर नव्या वळचणीची सावली त्याच्या भिंतीलगतच्या १६ सेंटीमीटरवरच पडते. बाहेरचा भाग उन्हातच राहतो. तो उजळ ठेवा. छज्जाखालची जुनी सावलीही तशीच राहते आणि वरच्या सावलीला मिळते. मात्र जिथे दोन सावल्या एकमेकींवर येतात तिथे अंधार दुप्पट होत नाही. `Multiply` वर काळा लेअर ठेवला की नेमका तोच प्रकार होतो, म्हणून नव्या सावलीच्या मास्कमधून जुनी सावली वगळून टाका.

सावलीचा रंग काळा घालून मिळत नाही, कारण तिच्यात आकाशाचा निळसर उजेड असतो. त्याच भिंतीवरचा उन्हातला आणि छज्जाच्या सावलीतला रंग मोजा. उदाहरणार्थ उन्हात लाल-हिरवा-निळा २१४, १९६, १७० आणि सावलीत १०१, ९८, ९६. एक `Curves` लेअर घेऊन तिन्ही रंगांत वेगवेगळे, पहिल्या आकड्यावर बिंदू ठेवून तो दुसऱ्या आकड्यापर्यंत खाली ओढा. मग त्या लेअरचा मास्क म्हणजे तुमची सावली. गिलाव्याचा खडबडीतपणा जशाचा तसा राहतो.

सावलीची कड फार मऊ करू नका. इथे कड आणि भिंत यांत किरणाच्या दिशेने सव्वा मीटरच्या आतबाहेर अंतर आहे. तेवढ्या अंतरावर उन्हाच्या सावलीची कड दोनेक सेंटीमीटरच पसरते, म्हणजे ४-५ पिक्सेल. मास्कवर `Gaussian Blur` एक-दीड पिक्सेल पुरे. ढगाळ दिवसाचा फोटो असेल तर हा सगळा भाग बाद. वळचणीखाली हळूहळू विरत जाणारा काळोख तेवढा द्या.

उजेडाची उतरंडही तपासा. या सूर्याला पुढचं पाखं सर्वात सरळ सामोरं आहे, त्यानंतर पुढची भिंत, आणि बाजूची भिंत सर्वात मंद. पत्र्याचा रंग गडद असला तरी एवढ्या तिरप्या नजरेला त्यावर क्षितिजाजवळच्या आकाशाची झाक येते. आकाशाचा रंग १५-२० टक्के मिसळून पाहा. पत्रा लगेच धातूचा वाटायला लागतो.

पाइपाची सावली त्याच्या उजवीकडे पडते, पण तुम्ही डावीकडून पाहता म्हणून नाळ्यांसारखीच तीही जवळपास पूर्ण पाइपाच्या आड लपते; ती वेगळी काढू नका. घराच्या उजव्या टोकाला जमिनीवर कठड्याची जुनी सावली दिसत असेल तर तिची कड आता उताराच्या आकाराची करावी लागेल. शेवटी स्लॅबच्या पाण्याच्या नळ्या आणि त्यांच्याखाली भिंतीवर उतरलेले शेवाळाचे काळे ओघळ शोधून पुसा. नव्या छताचं पाणी पन्हळीतून जातं. भिंतीवर तसा ओघळ राहिला तर तो कुठून आला याचं उत्तर चित्रात सापडत नाही.